घरी येणाऱ्या मॅडमची शिकवणी थांबवायचीय, शेवटच्या महिन्याची फी कशी काढायची?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.
मुलगी नववीत आहे आणि गणितासाठी एक मॅडम घरी येतात, सोमवार बुधवार शुक्रवार, दीड दीड तास. दोनेक वर्षं होत आली. आता मुलीचं म्हणणं आहे की मला स्वतः करून बघायचंय, आणि मलाही ते पटतंय कारण हल्ली मॅडम नुसत्या शेजारी बसतात आणि ही सोडवत जाते, अडली तरच बोलतात. म्हणजे तक्रार काहीच नाही, उलट त्यांनी जे करायचं होतं ते झालंय असंच म्हणा ना. तर या महिन्याच्या १९ तारखेला, शुक्रवारी, शेवटचा तास ठेवायचा असं मनात आहे. अजून त्यांना सांगितलेलं नाहीये, आज रात्री फोन करणार आहे.
अडलंय ते हिशोबात. फी महिन्याची ठरलेली आहे, महिना संपल्यावर देतो, आणि सुरुवातीला बोलणं झालं होतं ते 'महिन्याचे १२ तास' असं, तास म्हणजे एकदा येऊन शिकवणं. लिखापढी काही नाही. १९ पर्यंत ठरलेले तास होतात ९. त्यातला ५ तारखेचा आम्ही ऐनवेळी रद्द केला, हिला ताप भरला होता, मॅडम निघायच्या बेतात होत्या. १० ला त्यांनाच काम निघालं, त्या आल्या नाहीत. १५ ला शाळेत कार्यक्रम आहे हे आम्ही आठवडाभर आधी सांगून ठेवलंय. म्हणजे धरून चाला, प्रत्यक्षात होणार ६. शिवाय ७ ला रविवार होता, चाचणीच्या आधी त्या एक तास घेऊन गेल्या. आणि मागच्या महिन्यात त्यांचा एक खाडा झाला होता, त्याची फी मात्र आम्ही पूर्ण दिली होती कारण त्या म्हणाल्या होत्या भरून काढते.
यांचं म्हणणं, ६ अधिक रविवारचा १ झाले ७, मागच्या महिन्याचा १ वजा, उरले ६, अर्ध्या महिन्याची फी द्यायची आणि छानपैकी थँक्यू म्हणायचं. आकड्यात चूक दिसत नाही पण मला ते बरोबर वाटत नाहीये. कसं करतात लोक? आणि सांगताना काय शब्द वापरावेत तेही सांगा.

हिशोबी
यात एवढा विचार कशाला? महिन्याचा पगार जसा अर्धवट महिन्याचा काढतात तसं करा. ३० दिवसांची फी, १९ दिवस झाले, ३० ने भागा १९ ने गुणा. कोण कधी आलं कोण नाही आलं हे उगाळत बसलं की जाता जाता वाईटपणा येतो. फी महिन्याची आहे ना, मग दिवसांवर काढा.

रोखठोक
मॅडमचे एवढे खाडे होत होते तर आधीच बंद करायला हवं होतं. सरळ सांगा की निकाल दिसत नाहीये म्हणून थांबवतोय, उगाच गोड बोलायची काय गरज, आपण पैसे मोजतो.

पाऊलवाट
रोखठोक, नाही हो, निकाल चांगला आहे म्हणूनच थांबवतोय. दोन महिन्यांत दोन खाडे म्हणजे काही फार नाही. मला त्यांना दुखवायचं अजिबात नाहीये.

खडूफळा
मी स्वतः बरीच वर्षं घरोघरी जाऊन शिकवते, आता थोड्या मुलांना घरीच घेते. त्यामुळे टेबलाच्या पलीकडून सांगते.
हिशोबी म्हणतायत ते दिवसांचं गणित नोकरीला ठीक आहे, तिथे रोजची हजेरी असते. शिकवणीत तास सारखे पसरलेले असतात असं नाही. समजा पहिल्या दहा दिवसांत मॅडम गावाला गेल्या असत्या आणि नंतर तुम्ही १९ ला थांबवलं असतं, तर ३० ने भागून तुम्ही न झालेल्या तासांचेही पैसे दिले असते. उलट परीक्षा आहे म्हणून पहिल्याच पंधरवड्यात रोज बोलावून घेतलं आणि मग थांबवलं तर मॅडमचं नुकसान. तुमचं बोलणं १२ तासांवर झालंय ना, मग भागायचं १२ नेच. बोलणं नुसतं 'आठवड्यातून तीन दिवस' असं झालं असतं तर त्या महिन्यात मुळात किती तास येतात त्याने भागावं लागलं असतं, या महिन्यात ते १३ येतात.
आता खाडे. आमच्यात साधारण असं चालतं: शिकवणारा आला नाही तर तो तास धरायचा नाही, किंवा भरून काढायचा. तुमचा १० तारखेचा गेला, त्याचा प्रश्न नाही. घरच्यांनी ऐनवेळी रद्द केला तर तो झाला असंच धरायचं, कारण ती संध्याकाळ त्यांनी दुसऱ्या कुणाला देता आली नसती. ५ तारीख म्हणून मोजा, ताप आला यात दोष कुणाचाच नाही पण तास त्यांचा गेला. तुमच्या मिस्टरांच्या हिशोबात नेमका हाच निसटलाय, ते फक्त आल्या ते दिवस मोजतायत. १५ तारखेबद्दल दोन मतं असू शकतात, त्याच्यावर नंतर येते.
आधी एक काम करा. रविवारचा तास कशाचा होता ते बघा. तो जादाचा होता की मागच्या महिन्याचा खाडा भरून काढायला आल्या होत्या? ते कळल्याशिवाय त्याचं काय करायचं ते ठरत नाही. तुमचे जुने मेसेज चाळा, बहुतेक कुठेतरी लिहिलेलं असेल.

हिशोबी
माझ्या पद्धतीने १९/३० म्हणजे १२ पैकी साडेसातच्या वरच येतात, म्हणजे फार फरक नाहीच. तुम्ही उगाच गुंतागुंत करताय.

खडूफळा
या वेळी जवळपास आलं कारण यांचे तास महिनाभर नीट पसरलेले होते. पद्धत बरोबर होती म्हणून नाही आलं. पुढच्याला हाच सल्ला दिलात आणि त्याचा महिना वेगळा निघाला तर कुणाच्या तरी खिशाला लागेल एवढंच म्हणणं आहे. महिना मध्येच तोडायचा नसेल तर दिवस मोजण्यापेक्षा पूर्ण महिना द्यावा, ते जास्त स्वच्छ.

दोन_लेकरांची_आई
आमच्याकडे झालेलं सांगते म्हणजे तुम्ही काळजी घ्याल. सरांना कधी सांगायचं ते आम्ही घरात बोलत होतो आणि धाकट्याने ऐकलं. दुसऱ्या दिवशी सर चपला काढत होते तेवढ्यात हा दारातूनच म्हणाला, सर तुम्ही आता येणार नाही ना? सर इतके गप्प झाले. मी आतून येईपर्यंत उशीर झाला होता, त्यांना वाटलं आम्ही मुलाच्या तोंडून सांगतोय. नंतर कितीही समजावलं तरी ते आधीसारखं बोललेच नाहीत. तर मुलीला आज काही बोलू देऊ नका, आधी तुम्ही स्वतः फोन करा. मेसेज नंतर.

वाचनमात्र
अनुमोदन, आधी फोन. आणि 'थोडे दिवस ब्रेक घेतोय' असं नका म्हणू प्लीज. माझी बहीण शिकवण्या घेते. एका घरून तिला असंच सांगितलं, परीक्षा झाली की बघू. तिने ती वेळ दुसऱ्या मुलाला दिली नाही, वाट बघत बसली, आणि ते कधी परत आलेच नाहीत. थांबवतोय म्हणजे थांबवतोय.

खडूफळा
हे अगदी खरं. 'बघू', 'कळवते', 'सध्या तरी', हे शब्द सांगणाऱ्याला सोपे जातात आणि ऐकणाऱ्याचा महिना खातात. आमचं सगळं वेळेवर चालतं. संध्याकाळी सहा ते साडेसात ही वेळ एका घराला दिली की ती विकता येत नाही दुसरीकडे.
आणि फीबद्दल एक मनापासून सांगते. शिकवणाऱ्यांची फी बुडते ती मधल्या महिन्यांची नाही, शेवटच्याच महिन्याची. महिना संपल्यावर द्यायची पद्धत असते, मूल यायचं बंद झालेलं असतं, समोरासमोर भेट होत नाही, आणि पालक म्हणतात पाठवतो. वाईट हेतू असतो असंही नाही, राहून जातं. मग आम्हाला आठवण करून द्यायची लाज वाटते, कारण दोन वर्षं ज्या घरात पाणी प्यायलो तिथे पैशासाठी तगादा कसा लावायचा. मी स्वतः काही घरांचं तसंच सोडून दिलंय. म्हणून शेवटचा तास संपायच्या आधी किंवा त्याच संध्याकाळी फी पोचली पाहिजे. रोख असेल तर पाकिटात, ऑनलाइन असेल तर त्यात कुठल्या महिन्याची, किती तासांची ते लिहून. भेटवस्तू द्यायची असेल तर जरूर द्या पण ती फीच्या ऐवजी नाही आणि फीच्या पाकिटातही नाही.

पाऊलवाट
खूप खूप धन्यवाद, हे सगळं वाचून फोन केला बरं झालं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाल्या मलाही वाटत होतं आता तिला माझी गरज नाही, पण बोलायचं कसं कळत नव्हतं. मी १९ तारीख स्पष्ट सांगितली.
मेसेज चाळले. सापडलं! ४ तारखेला त्यांनी लिहिलंय, 'मागचा राहिलेला रविवारी घेते, चाचणीच्या आधी होऊन जाईल.' म्हणजे रविवारचा तास मागच्या महिन्याचाच होता. तो इकडे धरायचा नाही आणि मागचा वजाही करायचा नाही, दोन्ही बाजूनी मिटलं. उरले प्रत्यक्षातले ६ आणि ५ तारखेचा ऐनवेळचा १, एकूण ७. यांनाही दाखवलं, त्यांना पटलं. आता १५ तारखेचं काय करायचं तेवढं राहिलंय.

हिशोबी
आठवडाभर आधी सांगितलंय, तो नाही धरायचा. त्यांना दुसरं काही ठरवायला भरपूर वेळ होता. हे तरी बरोबर ना?

खडूफळा
तासावर फी ठरली असती तर तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण महिन्याची फी म्हणजे आठवड्याच्या तीन संध्याकाळी राखून ठेवल्याची फी असं आम्ही मानतो, आणि एका दिवसासाठी कुणी नवं मूल मिळत नाही. नेहमीच्या महिन्यात ही सुट्टी दुसऱ्या एखाद्या दिवशी तास घेऊन भरून निघाली असती आणि फी पूर्ण गेली असती, नाही का? आता भरून काढायला दिवसच उरला नाही, कारण थांबवताय तुम्ही. मी असते तर मोजला असता. पण कुणी मोजला नाही तर मी भांडणार नाही, एवढंच.

दोन_लेकरांची_आई
मला विचाराल तर देऊन टाका. एका तासाने आपलं काही अडत नाही.

रोखठोक
आधीचा माझा प्रतिसाद चुकीच्या समजुतीवर होता, सोडून द्या. पण एक विचारतो, नोटीसचं काय? आमच्याकडे ज्या क्लासला मुलगा जातो तिथे महिनाभर आधी सांगावं लागतं नाहीतर एक महिन्याची फी जाते. इथे मॅडमना फक्त आठवडाभर आधी कळलंय. मग उरलेल्या महिन्याचंही द्यायला हवं का?

वाचनमात्र
क्लासमध्ये ते फॉर्मवर लिहिलेलं असतं, सही घेतात. इथे तसं काही ठरलंच नव्हतं तर मागता येणार नाही.

खडूफळा
मागता येत नाही हे खरं, पण द्यावं की नाही हा वेगळा प्रश्न आहे. मला विचाराल तर सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे महिनाअखेरीलाच थांबवणं. उरलेले चार तास, २२, २४, २६, २९, त्यात उजळणी घेता येते, फी पूर्ण जाते आणि मॅडमना पुढच्या महिन्यासाठी मूल शोधायला वेळ मिळतो. १९ च का ठरवली हो तुम्ही?

पाऊलवाट
२० पासून आम्ही दहा बारा दिवस घरी नसणार, लग्न आहे घरात. परत आल्यावर फक्त महिन्याचा शेवट उरतो. म्हणून तीच तारीख.

खडूफळा
मग ठीक आहे. त्या चार तासांचं पूर्ण द्यायचं की अर्धं की काहीच नाही, यावर दहा शिक्षकांना विचारलंत तर दहा उत्तरं येतील. मी म्हणेन तुम्हाला जड जात नसेल तर पूर्ण महिना द्या. जड जात असेल तर ८ तासांचे द्या आणि हिशोब स्पष्ट लिहून द्या, त्यातही काही कमीपणा नाही.

हिशोबी
न घेतलेल्या तासांचे पैसे देणं मला पटत नाही. उद्या सगळ्यांकडून तीच अपेक्षा होईल. झाले तेवढे चोख द्या, वेळेत द्या, बास.

पाऊलवाट
यावर घरात अजून एकमत नाही, बघते. पण मेसेजचा मसुदा केलाय, जरा नजर टाका:

'नमस्कार मॅडम, फोनवर बोलल्याप्रमाणे शुक्रवार १९ तारखेचा तास शेवटचा. त्यानंतर शिकवणी थांबवत आहोत. या महिन्याचे झालेले तास ६ (१, ३, ८, १२, १७, १९), ५ तारखेचा आम्ही ऐनवेळी रद्द केलेला १ आणि १५ तारखेचा आमच्या सुट्टीचा १, असे ८ धरले आहेत. रविवारचा तास मागच्या महिन्याचा होता, तो हिशोब तिथेच पूर्ण झाला. १२ तासांच्या फीप्रमाणे ८ तासांची रक्कम १९ ला संध्याकाळी देते. काही राहिलं असेल तर नि:संकोच सांगा.
तुम्ही तिला चुकांची वही लावलीत, डाव्या पानावर चुकलेलं गणित आणि आठवड्याने उजव्या पानावर तेच परत, तारीख घालून. आता ती ते न सांगता करते, विज्ञानातही करते. हे तुमच्यामुळे झालं. तुमची दोन पुस्तकं आणि प्रश्नपत्रिकांची फाइल आमच्याकडे आहे, ती १९ ला परत देते.'

वाचनमात्र
वहीचं वाचून छान वाटलं. आभार असे नेमके असले की खरे वाटतात. 'आपल्या अनमोल मार्गदर्शनाबद्दल' वगैरे लिहिलं असतंत तर ते कुणालाही पाठवता आलं असतं.

दोन_लेकरांची_आई
मस्त. फक्त हिशोब आणि आभार एकाच मेसेजमध्ये नको असं मला वाटतं. आधी आभार वेगळे, पैशाचं दुसऱ्या मेसेजमध्ये. नाहीतर पहिल्यांदा आकडेच डोळ्यात भरतात.

खडूफळा
हो, दोन मेसेज करा. हिशोबाचा आजच पाठवा म्हणजे १९ च्या आत त्यांना काही बोलायचं असेल तर बोलता येईल, आभाराचा शेवटच्या तासानंतर. पुस्तकं परत देताय हे फार बरं केलंत, माझी कितीतरी पुस्तकं अशीच गेलीत.
अजून एक, १७ आणि १९ ला नवीन धडा सुरू करू देऊ नका, अर्धवट राहतो आणि मुलीला तो कायम अवघड वाटत राहतो. त्याऐवजी मॅडमना विचारा की ती अजून कुठे घसरते. मी शेवटच्या तासाला मुलाच्या समोर बसून अर्ध्या पानावर लिहून देते: हे प्रकरण पक्कं, हे कच्चं, भूमितीत सिद्धता लिहिताना कारण लिहायचं विसरते, असं. पण ते तासाच्या वेळेत करून घ्या, घरी जाऊन लिहून पाठवा म्हणू नका, ते बिनपगारी काम होतं.

पाऊलवाट
१९ चं सांगते. हिशोबाचा मेसेज आधी पाठवला होता. त्यांचं उत्तर आलं की १५ चा नका धरू, तुम्ही आधी सांगितलं होतं. मी म्हटलं धरलाय तो राहू दे, दोनदा नाही म्हणाल्या मग घेतलं. उरलेल्या चार तासांबद्दल घरात बरीच चर्चा झाली, हे म्हणाले निम्मे देऊ, म्हणजे दोन तासांचे. ते मी 'अचानक थांबवल्याबद्दल' असं लिहून वेगळे पाठवले, ८ मध्ये मिसळले नाहीत. हिशोबी, तुम्हाला पटणार नाही माहितीये, पण आम्हाला बरं वाटलं.
अर्ध्या पानाची यादीही मिळाली. समीकरणात पद दुसऱ्या बाजूला नेताना चिन्ह बदलते पण कंस सोडताना विसरते, हे त्यांनी नेमकं लिहिलंय, मला इतके दिवस वाटायचं ती नुसती घाई करते.
शेवटचा एक प्रश्न. मुलगी म्हणते पुढे अडलं तर मॅडमना फोन करू का. त्या स्वतःच म्हणाल्या आहेत कर म्हणून. पण आता फी देत नसताना असं विचारणं बरं दिसतं का?

हिशोबी
पैसे कसे काढलेत ते मला पटलं नाही तरी वेगळे पाठवलेत ते चांगलं केलंत, हिशोब स्वच्छ राहिला.
फोनचं म्हणाल तर त्या म्हणाल्यात ना, मग करा.

खडूफळा
एखादी शंका, परीक्षेच्या आदल्या दिवशीचं एखादं गणित, याने कुणालाच त्रास होत नाही, उलट आवडतं. गणिताचा फोटो पाठवायचा आणि स्वतः कुठपर्यंत आली तेही त्यात दिसू द्यायचं, नुसता प्रश्न पाठवून उत्तर मागायचं नाही. पण दर आठवड्याला फोन व्हायला लागले तर तुम्हीच विचारा की मॅडम अधूनमधून एखादा तास घ्याल का, त्याची फी किती. त्या स्वतः ते कधीच विचारणार नाहीत.